चेहरा एक, जाहिराती अनेक

स्टॉक फोटो म्हणजे एखाद्या ठरावीक जाहिरातीसाठी न काढता, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून आधीच काढून संग्रहात ठेवलेले छायाचित्र. विमा कंपनीच्या माहितीपत्रकावर हसणारे आजोबा, क्लासच्या फलकावर वह्या छातीशी धरलेली मुलगी, गृहकर्जाच्या पानावर नव्या घराची किल्ली हातात घेतलेले जोडपे असे चेहरे अनेकदा या संग्रहांतून आलेले असतात. जाहिरात करणाऱ्याने त्या माणसाला कधी पाहिलेले नसते. त्या माणसालाही आपला फोटो कशावर छापला गेला, हे बहुतेक वेळा कळत नाही. त्यामुळे एकच मुलगी एका शहरात दंतवैद्याची समाधानी रुग्ण, दुसऱ्या शहरात कॉल सेंटरची कर्मचारी आणि तिसऱ्या देशात नवी नागरिक म्हणून दिसू शकते. ती यांपैकी कोणीच नसेल, अशी शक्यता सर्वांत जास्त.

हा व्यवसाय जुना आहे, पण त्याचा आजचा पसारा इंटरनेटमुळे झाला. पूर्वी चित्रसंग्रह ठेवणाऱ्या एजन्सी जाडजूड छापील कॅटलॉग काढत आणि प्रत्येक वापराचे वेगळे पैसे घेत. चित्र किती प्रतींवर, कोणत्या देशात आणि किती महिने छापायचे, हे आधी सांगावे लागे. त्यामुळे कोणते चित्र कुठे वापरले आहे याची नोंद एजन्सीकडे राही. पुढे ‘रॉयल्टी फ्री’ परवाना रूढ झाला. ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की प्रत्येक वापरासाठी पुन्हा पैसे देण्यातून सुटका, एवढाच त्याचा अर्थ. २००० साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात आयस्टॉकफोटो ही साइट सुरू झाली, २००३ साली न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक आली, आणि हौशी छायाचित्रकारांनी काढलेली चित्रे अगदी कमी किमतीत कोणालाही घरबसल्या मिळू लागली. या धंद्यात किती पैसा आहे हे गेटी इमेजेस या मोठ्या कंपनीने लवकर ओळखले आणि २००६ साली पाच कोटी डॉलर देऊन आयस्टॉकफोटो विकत घेतली. किंमत उतरली तसे ग्राहक वाढले. ग्राहक वाढले तसे एकेक चेहरा कुठे कुठे जातो याची मोजदाद ठेवणे कोणाच्याच हाती उरले नाही.

चेहऱ्याचा हा प्रवास सुरू होतो एका कागदापासून. त्याला या व्यवसायात ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. हे साधारण एका पानाचे संमतीपत्र असते. त्यावर फोटोतल्या व्यक्तीचे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सही असते. साक्षीदाराचीही सही लागते, आणि व्यक्ती अज्ञान असेल तर पालकांची. मजकुराचा गाभा सगळीकडे सारखाच आहे : ठरलेला मोबदला मिळाला, हे फोटो जाहिरातीसह कोणत्याही कायदेशीर कारणासाठी, जगात कुठेही, कितीही काळ वापरता येतील, ते कापता, बदलता, दुसऱ्या चित्राशी किंवा मजकुराशी जोडता येतील, आणि छापण्यापूर्वी ते पाहण्याचा किंवा मंजूर करण्याचा हक्क मी सोडून देत आहे. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि सही करणाऱ्याच्या नजरेतून नेमके तेच निसटते.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरातल्या शबनम खान या लेखिकेची हकीकत या कागदाची ताकद दाखवते. २०१० साली, विद्यार्थिदशेत असताना, त्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून ‘शंभर चेहरे’ नावाच्या एका फोटोसत्राला गेल्या. एक छायाचित्रकार एका दिवसात शंभर माणसांचे फोटो काढणार होता आणि बदल्यात प्रत्येकाला स्वतःचा एक चांगला फोटो मिळणार होता. सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. फार बारकाईने तो कोणी वाचला नाही. पुढे दोन वर्षांनी कॅनडात राहणाऱ्या एका मैत्रिणीने त्यांना कळवले की, तुझा फोटो इथल्या वर्तमानपत्रात स्थलांतरितांविषयीच्या जाहिरातीत आला आहे. शोध घेतल्यावर तोच चेहरा आणखी ठिकठिकाणी सापडू लागला. न्यूयॉर्कमध्ये तो गालिचे विकत होता, कंबोडियात पदभ्रमण सहली नेत होता, फ्रान्समध्ये जोडीदार शोधत होता. त्वचेवरच्या काळ्या डागांवरील उपचाराच्या जाहिरातीत त्यांचाच चेहरा ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा दोनदा छापलेला होता. त्यातले डाग अर्थातच संगणकावर चढवलेले होते. काही ठिकाणी त्यांना भलतीच नावे देऊन त्यांच्या तोंडी समाधानी ग्राहकाचे उद्गार घातले होते.

खान यांनी छायाचित्रकाराशी संपर्क साधला, तेव्हा त्याने सही केलेल्या कागदाकडे बोट दाखवले. त्यांच्या विनंतीवरून त्याने ते फोटो संग्रहातून काढून घ्यायचे मान्य केले, पण तोवर ज्यांनी परवाना घेतला होता त्यांचा हक्क तसाच राहिला. संग्रहातून चित्र काढले म्हणजे नवी विक्री थांबते. विकून झालेल्या प्रती परत येत नाहीत, आणि त्या कोणाकडे आहेत याची यादी फोटोतल्या माणसाला मिळत नाही. २०१८ साली त्यांनी हा अनुभव समाजमाध्यमावर सविस्तर लिहिला आणि जगभर त्याची चर्चा झाली. पुढे २०२१ साली आलेल्या त्यांच्या लेखसंग्रहाचे नावही याच घटनेवरून पडले.

या हकीकतीत एक प्रश्न राहतो. डर्बनमध्ये काढलेला एका तरुणीचा फोटो कॅनडातल्या, कंबोडियातल्या आणि फ्रान्समधल्या माणसांना नेमका सापडला कसा? याचे उत्तर ‘कीवर्ड’ या साध्या गोष्टीत आहे. फोटो संग्रहात चढवताना छायाचित्रकार त्याला शोधशब्द जोडतो. शटरस्टॉकवर एका चित्राला असे पन्नासपर्यंत शब्द देता येतात. चित्र त्या शब्दांवरच सापडणार, त्यामुळे विकणारा शक्य तितके शब्द भरतो. हसणाऱ्या सावळ्या तरुणीच्या फोटोला ‘स्त्री’, ‘तरुण’, ‘आनंदी’, ‘आत्मविश्वास’, ‘विद्यार्थिनी’, ‘ग्राहक’, ‘भारतीय’, ‘अरब’, ‘लॅटिन अमेरिकन’, ‘स्थलांतरित’, ‘निरोगी’ असे सगळे शब्द एकदम लागू शकतात. हे शब्द त्या मुलीचे वर्णन करत नाहीत. तिला पाहून कोणकोणत्या गिऱ्हाइकाला काय वाटू शकेल, याचा तो अंदाज असतो.

इथेच माणूस आणि त्याचा चेहरा यांची फारकत होते. संमतीपत्रावर तिचे खरे नाव, गाव आणि जन्मतारीख आहे, पण तो कागद एजन्सीच्या दप्तरात राहतो. खरेदीदाराला तो दाखवत नाहीत आणि दाखवायचे कारणही नाही, कारण त्यात खासगी माहिती असते. खरेदीदाराच्या पडद्यावर फक्त चित्र, त्याचा क्रमांक, छायाचित्रकाराचे नाव, ‘मॉडेल रिलीज आहे’ एवढी नोंद आणि ते पन्नास शब्द येतात. ती मुलगी डॉक्टर आहे की गायिका, विवाहित आहे की नाही, कोणता धर्म पाळते, कोणत्या पक्षाला मत देते, हे त्याला कळण्याची कोणतीही वाट ठेवलेली नाही. जाहिरात बनवणाऱ्यालाच जी गोष्ट माहीत नाही, ती जाहिरात पाहणाऱ्याला चेहऱ्यावरून कळणार नाही, हे उघड आहे. तरीही पाहणाऱ्याचे मन नकळत चेहरा आणि मजकूर यांची गाठ मारते. तीच गाठ हवी म्हणून तर फोटो छापलेला असतो.

निवड कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. एखाद्या छोट्या जाहिरात संस्थेतल्या डिझायनरकडे सहकारी पतपेढीच्या पत्रकाचे काम आले, तर तो संग्रहात ‘भारतीय’, ‘ज्येष्ठ’, ‘जोडपे’, ‘आनंदी’ असे शब्द टाकतो. समोर हजारो चित्रे येतात. ती बहुधा लोकप्रियतेच्या क्रमाने लावलेली असतात, म्हणजे ज्यांची विक्री जास्त झाली ती वर. डिझायनर पहिल्या दोन-तीन पानांपलीकडे सहसा जात नाही. त्याला मजकुरासाठी मोकळी जागा असलेले, कॅमेऱ्याकडे पाहून हसणारे, कोणत्याही गावात खपेल असे चित्र हवे असते. तसे चित्र निवडले गेले की त्याची विक्री एकाने वाढते आणि पुढच्या माणसाला ते आणखी वर दिसते. लाखो चित्रे असूनही तेच मोजके चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात, ते या चक्रामुळे.

शिवाय हा परवाना एकट्याचा नसतो. एकाला चित्र दिले म्हणून दुसऱ्याला द्यायचे नाही, असे बंधन एजन्सीवर नाही. एकाच चित्राचा परवाना एकाच दिवशी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या घेऊ शकतात. अमेरिकेत असे घडलेही. १९९६ साली पोर्टलंड शहरात एका तरुणीचे विद्यार्थिनीच्या वेशात, पाठीवर दप्तर आणि हातात पुस्तके अशा पोशाखात, अनेक स्टॉक फोटो काढले गेले. २००४ साली कॉलेजे सुरू होण्याच्या हंगामात डेल आणि गेटवे या संगणकविक्रीतल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्याच फोटोसत्रातली चित्रे आपापल्या जाहिरातींत वापरली. वाचकांच्या ते लक्षात आले आणि तिला ‘एव्हरीव्हेअर गर्ल’, म्हणजे सर्वत्र दिसणारी मुलगी, असे नाव पडले. फोटो तेव्हा आठ वर्षांचे जुने झाले होते, आणि त्यातली मुलगी विद्यार्थिदशा मागे टाकून पुढे गेली होती. दोन्ही कंपन्यांनी नियम मोडला नव्हता. फक्त आपल्याकडेच असणारा चेहरा हवा असेल तर स्वतः छायाचित्रकार, मॉडेल, स्टुडिओ आणि रंगभूषाकार यांचा खर्च करावा लागतो, किंवा ठरावीक काळासाठी हक्क राखून घेणारा महाग परवाना घ्यावा लागतो. बहुतेकांना ते परवडत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

या उलाढालीत मॉडेलच्या हाती काय पडते? तिला मिळायचे ते एकदाच, फोटो काढण्याच्या दिवशी मिळते. कधी रोख रक्कम, कधी नुसते स्वतःचे चांगले फोटो. नंतर चित्र दहा हजार वेळा विकले गेले तरी सर्वसाधारण संमतीपत्रानुसार तिला त्यातले काही मिळत नाही. छायाचित्रकाराचीही फार चंगळ नसते. शटरस्टॉकने २०२० साली लागू केलेल्या दरांनुसार त्याचा वाटा विक्रीच्या १५ ते ४० टक्के आहे आणि एका डाउनलोडमागे तो दहा सेंटपर्यंत खाली येऊ शकतो. तेव्हा जाहिरातीत दिसणाऱ्या माणसाने त्या कंपनीकडून मोठी रक्कम घेतली असेल, हा समज निराधार आहे. नट किंवा क्रिकेटपटू करारावर सही करून एखाद्या वस्तूची शिफारस करतो, तेव्हा त्याने ती जबाबदारी पत्करलेली असते. स्टॉक फोटोतल्या माणसाने कशाचीच शिफारस केलेली नसते.

गोष्ट खरी बिघडते ती चेहऱ्याखाली नाव आणि उद्गार छापल्यावर. नुसता हसरा चेहरा ही सजावट म्हणून सोडून देता येते, पण ‘तीन महिन्यांत माझे गुडघे बरे झाले – सुमन, सातारा’ असे लिहिले की ते विधान होते, आणि खोटे असेल तर फसवणूक होते. २०१९ साली अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराच्या फेसबुकवरील चित्रफितींत फ्लोरिडाची ट्रेसी, टेक्ससचा एजे असे समर्थक दाखवले होते. त्या चित्रफिती आयस्टॉकच्या संग्रहातल्या निघाल्या. उद्गार खऱ्या समर्थकांचे असून दृश्यात मॉडेल आहेत, अशी ओळ त्यात होती, पण ती क्षणभर आणि बारीक अक्षरांत. समुद्रकिनाऱ्यावर चालणारी ‘ट्रेसी’ फ्लोरिडातल्या मतदारांशी काही संबंध नसलेली एक मॉडेल होती. तिची राजकीय मते काय आहेत, हे चित्रफितीवरून ठरवणे अशक्यच होते. भारतात जाहिरातींची आचारसंहिता ठरवणाऱ्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या मुंबईस्थित संस्थेच्या नियमांत, परवानगीशिवाय एखाद्या व्यक्तीचा उल्लेख करून तिचा पाठिंबा असल्याचे भासवू नये, असे म्हटले आहे. ही संस्था मात्र उद्योगानेच स्थापन केलेली, स्वयंनियमनाची आहे.

एजन्सींनाही या धोक्याची जाणीव आहे, म्हणून परवान्यात काही वापर वगळलेले असतात. यांना ‘संवेदनशील वापर’ म्हणतात. शटरस्टॉकच्या नेहमीच्या परवान्यात मॉडेलला एखाद्या शारीरिक किंवा मानसिक आजाराची रुग्ण म्हणून दाखवणे, अश्लील व्यवसायाशी किंवा जोडीदार जुळवणाऱ्या सेवेशी जोडणे, तंबाखूच्या जाहिरातीत वापरणे, राजकीय पक्ष किंवा उमेदवाराच्या प्रचारात वापरणे आणि गुन्हेगार म्हणून दाखवणे याला मनाई आहे. काही एजन्सी अशा विषयांना परवानगी देतात, पण ‘चित्रातील व्यक्ती मॉडेल आहे’ अशी ओळ छापण्याची अट घालतात. अडचण अशी की हे नियम पाळले जातात की नाही, ते तपासायला प्रत्येक जाहिरातीमागे कोणी बसलेले नाही. चूक उघडकीस येते ती बहुधा मॉडेलच्या ओळखीच्या कोणी तरी ती जाहिरात पाहिल्यावर, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर.

न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली असेच झाले. राज्याच्या मानवी हक्क विभागाने एचआयव्ही बाधितांच्या हक्कांविषयी वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि त्यात एका तरुणीच्या फोटोशेजारी ‘मी पॉझिटिव्ह आहे’ अशा अर्थाचे शब्द छापले. ती बाधित नव्हती. तिचा फोटो दोन वर्षांपूर्वी एका मासिकातल्या संगीतविषयक लेखासाठी काढला होता, आणि तो गेटीच्या संग्रहात गेला तेव्हा तिची संमतीपत्रावर सही घेतलेलीच नव्हती. परिचितांना आणि सहकाऱ्यांना खुलासे करत बसण्याची पाळी तिच्यावर आली. तिने गेटीवर आणि राज्यावर दावे लावले. जाहिरातीचा हेतू चांगला होता, विभाग सरकारी होता, तरी एका निरोगी बाईवर आजाराची ओळख चिकटली, कारण साखळीतल्या पहिल्या कागदाची खात्री कोणीच करून घेतली नाही.

महाराष्ट्रातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिलेची याचिका आली. गावातल्या ओळखीच्या छायाचित्रकाराने आपला फोटो काढून संमतीशिवाय शटरस्टॉकवर चढवला आणि तिथून तो केंद्र सरकार, महाराष्ट्रासह चार राज्यांची सरकारे, एक राजकीय पक्ष आणि काही खासगी संस्था यांच्या जाहिरातींत वापरला गेला, असे तिचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने, आजच्या इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या काळात हा विषय गंभीर असल्याचे नोंदवून सर्व प्रतिवादींना उत्तर द्यायला सांगितले. या याचिकेतला तपशील बोलका आहे. एकमेकांविरुद्ध राजकारण करणाऱ्यांच्या जाहिरातींत एकच बाई दिसत होती. तो फोटो पाहून ती कोणत्या योजनेची लाभार्थी आहे किंवा कोणत्या पक्षाची आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येकाची फसगत झाली असती.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक सर्वसाधारणपणे छायाचित्रकार असतो, फोटोतली व्यक्ती नव्हे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कोणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. लग्नाचे फोटो या अपवादात बसतात. वाटेत कोणी आपणहून काढलेला फोटो बसत नाही. मात्र मालकी छायाचित्रकाराची असली तरी त्या चेहऱ्याचा जाहिरातीसाठी वापर करण्याची मोकळीक त्याला आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात म्हटले आहे की, एखाद्याचे नाव किंवा प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग ठरू शकतो. म्हणून संग्रहांत दोन कप्पे असतात. संमतीपत्र असलेली चित्रे जाहिरातीला चालतात. नसलेली ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ असा शिक्का घेऊन येतात आणि ती बातमी किंवा लेखासोबतच छापता येतात. हा शिक्का दुर्लक्षित राहतो किंवा संमतीपत्रच बनावट असते, तेव्हा वाद उभा राहतो.

जाहिरातीतला चेहरा संग्रहातला आहे का, हे वाचकाला बऱ्याचदा स्वतः तपासता येते. फोनवर जाहिरातीचा फोटो घेऊन तो गुगल लेन्स किंवा टिनआय या उलट शोध घेणाऱ्या साइटवर टाकला की तेच चित्र आणखी कुठे आहे ते दिसते. शटरस्टॉक, आयस्टॉक, अॅडोबी स्टॉक यांचे पान निघाले तर प्रश्न तिथेच मिटतो. तोच चेहरा वेगळ्या नावाने दुसऱ्या औषधाची तारीफ करताना सापडला तर ते औषध विकणाऱ्यावर विश्वास ठेवायचे कारण उरत नाही. त्या चेहऱ्यावर मात्र राग काढायचे कारण नसते. या शोधालाही मर्यादा आहे. चित्र आरशासारखे उलटवले, पार्श्वभूमी कापली किंवा रंग बदलले तर ते सापडेलच असे नाही. आणि काहीच सापडले नाही म्हणून तो ग्राहक खरा आहे, असेही सिद्ध होत नाही. छापील जाहिरातीत ‘प्रातिनिधिक चित्र’ किंवा ‘चित्रातील व्यक्ती मॉडेल आहे’ अशी ओळ कडेला बारीक टाइपात शोधावी लागते.

स्वतःचाच चेहरा कुठे अवचित दिसला, तर आधी आपण कधी मॉडेल रिलीजवर सही केली होती का हे आठवून त्याची प्रत मिळवावी लागते. सही केलेली असेल, तर जाहिरात संवेदनशील वापराच्या मनाईत बसते का एवढाच मुद्दा उरतो, आणि तसे असल्यास एजन्सीकडे चित्राच्या क्रमांकासह तक्रार करता येते. सही नसेल, तर आधी जाहिरातीची तारखेसह प्रत जपून ठेवून छायाचित्रकार, एजन्सी आणि जाहिरातदार अशा तिघांनाही लेखी कळवावे लागते, कारण यांतला प्रत्येक जण प्रथम दुसऱ्याकडे बोट दाखवतो.